सेटलमेंटचं पत्र गेलं, पैसेही आले, तरी वाद मिटेना: रक्कम आणि तारीख पक्की कशी करायची

आमच्याकडे हा प्रकार तिसऱ्यांदा झाला, म्हणून सविस्तर लिहितो आहे. जुनी, दोन-दोन वर्षं अडकलेली उधारी. फोन करून, स्मरणपत्रं पाठवून दमल्यावर शेवटी एकरकमी तडजोडीचं पत्र काढायचं ठरतं. पत्र जातं. समोरचा चक्क पैसे भरतो. आणि तिथून खरा वाद सुरू होतो. त्याच्या लेखी खातं मिटलेलं असतं, आपल्या लेखी बाकी शिल्लक असते, आणि दोघंही एकाच पत्रावर बोट ठेवून बोलत असतात.

अशा वेळी ‘पार्टीच लबाड आहे’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मीही दोनदा तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी मात्र पत्र पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, की त्या माणसाने लावलेला अर्थ पत्रात खरोखरच बसत होता. आमचाही बसत होता. अडचण तीच होती.

नेमकं काय झालं

पार्टीकडून तीन बिलांचं मुद्दल येणं होतं 4,80,000 रुपये. बिलावर छापलेल्या अटीप्रमाणे दरसाल 12 टक्के सरळ व्याज. दोन वर्षांचं व्याज झालं 1,15,200. म्हणजे 3 जून 2024 रोजी एकूण येणं 5,95,200. त्या दिवशी आम्ही जे पत्र पाठवलं त्यातलं कळीचं वाक्य असं होतं:

> ‘आपल्या थकबाकीवर आम्ही 30 टक्के सूट देण्यास तयार असून, पंधरा दिवसांत रक्कम भरल्यास खाते बंद करण्यात येईल.’

वाचायला छान वाटतं. लिहिताना मलाही छान वाटलं होतं. 24 जूनला पार्टीचा 3,36,000 रुपयांचा चेक वटला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘पूर्ण व अंतिम रक्कम’. आमच्या हिशोबाने यायला हवे होते 4,16,640.

मी त्यांच्या अकाउंटंटना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, थकबाकी म्हणजे बिलांची रक्कम. चार लाख ऐंशीचे सत्तर टक्के केले, तुमच्या पत्राप्रमाणेच.” मी म्हणालो, “अहो, पण व्याज?” त्यावर ते म्हणाले, “पत्रात व्याजाचा शब्द कुठे आहे ते दाखवा, आत्ता भरतो.”

शब्द नव्हता.

रक्कम कुठे घसरते

टक्केवारी ही रक्कम नसते. तो एक हिशोब असतो आणि तो कशावर करायचा हे समोरच्यावर सोडलं, की तो त्याच्या सोयीने करतो. आमच्या त्या एका वाक्यातून तीन आकडे निघत होते. एकूण येण्यावर 30 टक्के सूट धरली तर 4,16,640. फक्त मुद्दलावर सूट आणि व्याज पूर्ण माफ धरलं तर 3,36,000. मुद्दलावर सूट पण व्याज पूर्ण भरायचं असं धरलं तर 4,51,200. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यात फरक बरोबर 1,15,200 चा, म्हणजे अख्ख्या व्याजाइतका. थोडक्यात, व्याजाचं काय करायचं हा एकच प्रश्न आम्ही मोकळा सोडला होता, आणि दोन वर्षांच्या उधारीत तोच सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

दुसरी गोम म्हणजे ‘थकबाकी’ कोणत्या तारखेची? व्याज रोज चढत असेल, तर पत्राच्या तारखेची थकबाकी आणि भरण्याच्या तारखेची थकबाकी वेगळी. टक्केवारीचं पत्र दर दिवशी वेगळी रक्कम सांगत असतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट वजावटीची. जुन्या खात्यात काही ना काही वाद असतोच: परत आलेला माल, न मिळालेली क्रेडिट नोट, कापलेला कर. पत्रात त्याबद्दल मौन असेल तर पार्टी सूट घेते आणि वर जुनी वजावटही करते. मग आपण म्हणतो, की वजावट धरूनच तर सूट दिली होती. तसं लिहिलेलं मात्र कुठेच नसतं.

म्हणून आता माझा नियम असा, की प्रस्तावाच्या पत्रात टक्का लिहायचाच नाही. आकडा लिहायचा, अंकी आणि अक्षरी. साहेबांना किंवा पार्टीला ‘किती सोडलं’ हे दिसायला हवं असेल तर सोडलेली रक्कमही आकड्यातच लिहायची आणि ती भरायच्या रकमेनंतर, वेगळ्या वाक्यात. ‘30 टक्क्यांपर्यंत सूट’ यातलं ‘पर्यंत’ तर मुळीच नको. ते जाहिरातीत शोभतं, पत्रात नाही.

तारीख कुठे घसरते

पंधरा दिवस, पण कधीपासून? पत्र 3 जूनचं. त्याच दिवशी ईमेलने गेलं. सही-शिक्क्याची प्रत कुरियरने 6 जूनला पोचली. पत्राचा दिवस धरून मोजले तर मुदत 17 जूनला संपते, तो सोडून मोजले तर 18 ला, आणि कुरियर मिळाल्यापासून मोजले तर 21 ला. पार्टीने चेक दिला 20 ला. पैसे आमच्या खात्यात आले 24 ला. आता सांगा, पैसे वेळेत आले की उशिरा? कुरियरपासून मोजणारा आणि चेक दिल्याची तारीख धरणारा म्हणेल वेळेत. बाकी कुठल्याही जोडीने मोजलं तर उशीर.

म्हणजे इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: मुदत कोणत्या दिवशी संपते, आणि त्या दिवशी नेमकं काय घडलेलं असायला हवं. बहुतेक पत्रं पहिल्याचं अर्धवट उत्तर देतात आणि दुसऱ्याकडे बघतच नाहीत. ‘भरल्यास’ हा शब्द फार फसवा आहे. चेक हातात दिला म्हणजे भरले का? ऑनलाइन पैसे पाठवल्याची पावती काढली म्हणजे? की आपल्या खात्यात जमा झाले म्हणजे? मी ‘जमा’ हाच शब्द धरतो, कारण तो आपल्या खातेउताऱ्यावर तारखेसकट दिसतो आणि त्यावर वाद घालायला जागा राहत नाही. पण मग बँकेच्या दिरंगाईचा धोका पार्टीवर पडतो. तिला अंधारात ठेवू नये. रक्कम दोन कामाचे दिवस आधी पाठवावी, असं पत्रातच लिहावं. कोणी ‘पाठवल्याची तारीख’ धरायचं ठरवलं तरी चालेल. फक्त दोन्हींपैकी एक काय ते पत्रात असलं पाहिजे.

भाषेतल्या खाचाखोचाही आहेत. ‘24 जुलैच्या आत’ म्हणजे 24 धरून की 23 ला संपलं? ‘24 जुलैपर्यंत’ म्हटलं तर बहुतेक लोक 24 धरतात, पण सगळे नाही. ‘महिनाअखेर’ म्हणजे 31 तारीख की शेवटचा कामाचा दिवस? आणि 05/06 असं लिहिलं तर एखाद्या देशात ते 5 जून असतं, एखाद्यात 6 मे. त्यामुळे वार, तारीख, महिना अक्षरात, वर्ष आणि वेळ, हे सगळं लिहायचं. पार्टी दुसऱ्या देशात असेल तर कुठली वेळ तेही. वार लिहिण्याचा एक छुपा फायदा आहे: तारीख टाइप करताना चूक झाली तर वार जुळत नाही आणि पत्र सुटण्याआधीच चूक पकडली जाते. मी शक्यतो आठवड्याच्या मधला वार घेतो. शुक्रवारी संध्याकाळी अडकलेले पैसे सोमवारी येतात आणि पुन्हा तेच रडगाणं.

मुदत चुकली तर? इथेच पत्र गप्प असतं

रक्कम आणि तारीख पक्की केली, तरी एक भोक राहतं. पैसे कमी आले किंवा उशिरा आले तर काय? पत्रात हे नसेल तर पार्टी मानते, की सूट कायम आहे, थोडा उशीर झाला इतकंच. आपण मानतो, की सूट गेली. आणि दरम्यान आपल्या कॅशियरने तो चेक भरूनही टाकलेला असतो.

आमच्याकडे तेच झालं. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेला चेक आम्ही काही न बोलता बँकेत टाकला. हे किती महागात पडू शकतं ते देशादेशाच्या कायद्यावर आहे. अमेरिकेत एकसमान व्यापारी संहितेचं कलम 3-311 आहे. रकमेबद्दल खरोखर वाद असताना, ठळकपणे ‘पूर्ण भरणा’ असं लिहून प्रामाणिकपणे दिलेला चेक वटवला, तर त्यानुसार बाकीचा दावा संपू शकतो. येणेकऱ्याला 90 दिवसांच्या आत ती रक्कम परत करून सुटण्याची वाट तिथे ठेवली आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायात उलट टोक. फोक्स विरुद्ध बीअर या 1884 च्या खटल्यात डॉ. फोक्स यांनी ठरल्याप्रमाणे हप्त्याहप्त्याने निकालाची सगळी रक्कम फेडली होती आणि बीअरबाईंनी पुढे कारवाई न करण्याचं लिहून दिलं होतं. तरीही नंतर मागितलेलं व्याज त्यांना मिळालं, कारण कमी रकमेवर समाधान मानण्याच्या वचनाला स्वतंत्र मोबदला नव्हता. भारताच्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 63 पुन्हा वेगळं सांगतं: येणेकरी आपलं येणं पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, त्याला वेगळ्या मोबदल्याची गरज नाही.

मला या खटल्यात मौज वाटते ती ही, की शे-दीडशे वर्षांपूर्वीही भांडण मुद्दलाचं नव्हतं, व्याजाचं होतं. आमच्यासारखंच.

वकील नसलेल्या माणसाने यातून घ्यायचं ते इतकंच: पूर्ण, वेळेत रक्कम आली तर बाकीचं येणं आपण सोडलं, हे स्पष्ट लिहायचं, आणि तसं झालं नाही तर आलेली रक्कम कुठे धरली जाईल, हेही तितकंच स्पष्ट लिहायचं. ‘हक्क अबाधित ठेवून’ हा शिक्का पत्राच्या डोक्यावर मारला म्हणजे काम झालं, असं नाही. कोणता हक्क, किती रकमेचा, कोणत्या तारखेपासून, हे खाली लिहिलेलं नसेल तर तो शिक्का नुसती नक्षी ठरतो. रक्कम मोठी असेल तर पत्र वकिलाच्या नजरेखालून घालाच. आणि एक लक्षात असू द्या, तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून दावा लावायची कायदेशीर मुदत आपोआप थांबत नाही. जुन्या उधारीत ती मुदत आधी तपासावी, मग सवलतीची तारीख ठरवावी.

पत्र दुरुस्त कसं केलं

नवं पत्र काढण्यापूर्वी घरातला गोंधळ आवरावा लागला. आलेले 3,36,000 कुठे जमा धरायचे यावर आमच्यातच दोन मतं होती. आधी व्याजात धरले तर व्याज पूर्ण फिटून मुद्दल 2,59,200 उरतं. आधी मुद्दलात धरले तर मुद्दल 1,44,000 उरतं आणि 1,15,200 व्याज तसंच राहतं. बेरीज दोन्हीकडे 2,59,200 च. पण पुढचं व्याज पहिल्या पद्धतीत महिन्याला 2,592 चढतं आणि दुसऱ्या पद्धतीत 1,440. पार्टीने हे ओळखून विचारलं असतं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आमच्या वरिष्ठ मॅडमनी ठरवलं, की आधी व्याज, मग मुद्दल, आणि 3 जून ते 24 जुलैचं व्याज आकारायचं नाही. पण त्याआधी कसलीही सूट न धरता आजची बाकी किती, हा आकडा एकमताने लिहून घेतला. हे न करता प्रस्ताव लिहायला बसणं म्हणजे पाया न खणता भिंत बांधणं.

मग फोनवर बोलणी झाली. पत्र आमचंच ढिसाळ होतं, हे मी मान्य केलं. याने बोलणी बिघडतील अशी भीती होती, उलट सुधारली. एकूण 4,00,000 वर मिटवायचं ठरलं. म्हणजे आणखी 64,000. या वेळी पत्र असं गेलं:

> दिनांक: सोमवार, 8 जुलै 2024
> विषय: जोडलेल्या यादीतील तीन बिलांच्या येण्याबाबत एकरकमी तडजोडीचा सुधारित प्रस्ताव
>
> मा. महोदय,
>
> 1. हे पत्र आमच्या 3 जून 2024 च्या पत्राची आणि त्यानंतरच्या सर्व तोंडी व लेखी प्रस्तावांची जागा घेते. ते सर्व प्रस्ताव रद्द समजावेत.
>
> 2. 3 जून 2024 रोजी या तीन बिलांपोटी मुद्दल 4,80,000 रुपये व व्याज 1,15,200 रुपये, असे एकूण 5,95,200 रुपये येणे होते. आपल्याकडून 24 जून 2024 रोजी 3,36,000 रुपये जमा झाले. ते प्रथम व्याजात व नंतर मुद्दलात धरले असून आज 2,59,200 रुपये बाकी आहे.
>
> 3. ही बाकी मिटवण्यासाठी आपण भरावयाची रक्कम 64,000 रुपये (अक्षरी रुपये चौसष्ट हजार फक्त) आहे. यात व्याजाचा समावेश आहे. या रकमेतून परत माल, क्रेडिट नोट, कर, बँक आकार किंवा इतर कोणत्याही कारणाने वजावट करता येणार नाही.
>
> 4. ही संपूर्ण रक्कम एकाच वेळी, खाली दिलेल्या बँक खात्यात, बुधवार, 24 जुलै 2024 रोजी सायंकाळी 5 वाजेपर्यंत (24 जुलै हा दिवस धरून) जमा झालेली असावी. रक्कम पाठवल्याची नव्हे, आमच्या खात्यात जमा झाल्याची वेळ धरली जाईल. चेक स्वीकारला जाणार नाही. रक्कम सोमवार, 22 जुलैपर्यंत पाठवावी, ही विनंती.
>
> 5. कलम 3 व 4 प्रमाणे रक्कम जमा झाल्यास उरलेले 1,95,200 रुपये आम्ही कायमचे सोडून देऊ, या तीन बिलांपोटी आपल्याकडे काहीही मागणार नाही, आणि सात दिवसांत लेखी बेबाकी दाखला देऊ.
>
> 6. तसे न झाल्यास हा प्रस्ताव कोणतीही वेगळी सूचना न देता संपेल. कमी किंवा उशिरा आलेली रक्कम कलम 2 मधील 2,59,200 रुपयांच्या बाकीपोटी जमा धरली जाईल, आणि त्या बाकीवर 25 जुलै 2024 पासून दरसाल 12 टक्के सरळ व्याज लागेल.
>
> 7. मुदतवाढ किंवा रकमेतील बदल फक्त खाली सही करणाऱ्याच्या लेखी पत्रानेच होईल. फोनवरील बोलणे ग्राह्य नाही.

सोबत बिलांची यादी जोडली: क्रमांक, तारीख, रक्कम. ती टाळू नका. ‘आपल्या खात्यातील बाकी’ असं मोघम लिहिलं आणि त्याच पार्टीची एखादी नवी, चालू उधारीही असली, तर कलम 5 मधला ‘काहीही मागणार नाही’ तिलाही गिळून टाकतो.

कलम 7 वसुलीवाल्यांना आवडत नाही, कारण फोनवर ‘भरा हो दोन दिवसांनी, बघू’ असं म्हणायची सवय असते. पण तेच वाक्य पुढे आपल्याविरुद्ध वापरलं जातं. कलम 3 मधला कराचा मुद्दाही डोळे झाकून उतरवू नका. कायद्याने पार्टीला कर कापणं बंधनकारक असेल, तर ‘कर वजा जाता हातात इतके’ असा आकडा द्यायचा की ‘कर धरून इतके’, हे आपल्या लेखापालाला विचारून ठरवा.

सोडण्यापूर्वीची चाचणी

पत्र तयार झालं, की मी ते वसुलीशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला देतो. या वेळी गोदामातल्या ताईंना दिलं. तीन प्रश्न: किती भरायचे? शेवटचा क्षण कोणता? एक दिवस उशीर झाला तर किती देणं राहील? उत्तरं बोट ठेवून, पत्रातूनच द्यायची. कॅल्क्युलेटर उघडावा लागला किंवा ‘म्हणजे बहुधा…’ असं उत्तर सुरू झालं, तर पत्र नापास. जुनं पत्रही गंमत म्हणून त्यांना दाखवलं. पहिल्या प्रश्नालाच त्यांनी मला विचारलं, “कशाचे तीस टक्के?” महिन्यापूर्वी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं.

माझा पहिला मसुदाही नापास झाला होता. कलम 4 मध्ये मी ‘24 जुलैपर्यंत जमा करावी’ एवढंच लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, “जमा करायचं म्हणजे मी चोवीसला बँकेत जाऊन भरलं तरी चालेल ना?” ‘करावी’चं ‘झालेली असावी’ केलं, वेळ घातली, आणि कुठली वेळ धरणार ते वेगळ्या वाक्यात सांगितलं.

पत्र बरोबर असूनही बिघडू शकतं ते इथे

15 जुलैला त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला. आवाज चढलेला. “आता हे दोन लाख एकोणसाठ हजारांचं काय नवीन काढलंत?” आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने दर पंधरवड्याचं स्मरणपत्र आपोआप पाठवलं होतं: पूर्ण बाकी, ‘त्वरित भरा’, सहीविना. म्हणजे आठवड्याच्या आत आमच्याकडून दोन कागद गेले, दोन वेगळ्या रकमांचे, आणि एकावर मुदत 24 जुलै तर दुसऱ्यावर आजच. मी तातडीने लेखी कळवलं, की स्वयंचलित स्मरणपत्राकडे दुर्लक्ष करावं, 8 जुलैचं पत्र जसंच्या तसं लागू आहे. आणि त्या खात्यावरची स्मरणपत्रं बंद केली. प्रस्ताव सोडण्याच्या दिवशीच हे करायला हवं होतं. बाहेरचा वसुली एजंट नेमलेला असेल तर त्यालाही त्याच दिवशी कळवावं. त्याच्या हातात जुनाच आकडा असतो आणि तो इमानेइतबारे तोच मागत राहतो.

मुदतीच्या दिवसासाठीही आधीच ठरवून ठेवलं होतं. पैसे 25 ला आले तर काय, हे 25 ला ठरवायचं नाही. उशिरा आलेली रक्कम गुपचूप घेऊन खातं मिटवलं तर ‘यांची तारीख म्हणजे नुसती तारीख’ हे पार्टी शिकते. गुपचूप घेऊन नंतर बाकी मागितली तर आपण आधी कबूल झालो होतो असं ती म्हणू शकते. म्हणून दोनच पर्याय ठेवले होते: त्याच दिवशी लेखी कळवायचं, की रक्कम कलम 6 प्रमाणे बाकीपोटी जमा धरली, किंवा त्याच दिवशी लेखी कळवायचं, की या एका वेळेपुरता उशीर मान्य केला. दोन्ही मसुदे तयार होते. काही रुपये कमी आले तरी बेबाकी द्यायची का, याची एक मर्यादाही मॅडमनी आतल्या आत ठरवून दिली होती. ती पत्रात लिहिली नाही. लिहिली असती तर ती मर्यादाच नवी रक्कम झाली असती.

यातलं काहीच लागलं नाही. 23 जुलैला दुपारी 64,000 पूर्ण जमा झाले.

दुसऱ्या दिवशी बेबाकी दाखला गेला: तिन्ही बिलांचे क्रमांक, मिळालेल्या दोन्ही रकमा तारखांसह, आणि ‘उरलेले 1,95,200 रुपये सोडले, या बिलांपोटी काही येणे नाही’. आणि मग खातं उघडून बघितलं तर बाकी दिसत होती 1,95,200. पैसे आल्याची नोंद झाली होती, सोडलेल्या रकमेची नोंद कोणी टाकलीच नव्हती. ती तशीच राहिली असती तर स्मरणपत्रं पुन्हा चालू केल्याच्या दिवशी त्या माणसाला एक लाख पंचाण्णव हजारांची मागणी गेली असती. नोंद मंजुरीसाठी मॅडमकडे पाठवली, खात्यावर बाकी शून्य दिसल्यावर पान छापून फाइलमध्ये दाखल्यामागे लावलं, आणि स्मरणपत्रांची खूण त्यानंतरच पूर्ववत केली.